मुदतीनंतरची सीट

निवृत्तीनंतर घरी बसणे मला जमले नाही. पतपेढीत मी वसुली विभागात होतो. पुतण्याने हिमालयातील पदभ्रमण मोहिमांचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा नोंदणीचे काम त्याने माझ्याकडे दिले. लोकांकडून वेळेवर पैसे घेणे त्याला जमत नव्हते. मला दुसरे काही जमत नव्हते.

कार्यालय भिवंडीत, सुताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शुक्रवारी गावातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असल्याने गर्दी जास्त.

पद्धत सोपी होती. नोंदणीच्या वेळी पहिला हप्ता. दुसरा हप्ता ठरलेल्या तारखेस संध्याकाळी सहापर्यंत. त्या पैशांतून वनखात्याचे परवाने, तंबू आणि वाटाड्यांचे आगाऊ भरणे होत असे. तिसरा हप्ता निघण्याच्या महिनाभर आधी. तारीख चुकली की सीट सुटते आणि प्रतीक्षा यादीतील पहिल्या माणसाला दिली जाते. पहिला हप्ता परत मिळत नाही. हे सर्व पावतीच्या मागे मराठीत छापलेले होते. पावतीच्या मागे कोणी पाहत नाही, हा माझा पतपेढीपासूनचा अनुभव.

त्या वर्षी जवळच्या दापोडे गावचे एक जोडपे आले. नवरा पन्नाशी ओलांडलेला, वजनदार. त्याच्या भातशेतीच्या जागी आता गोदामे उभी होती. त्यांपैकी एका गोदामाच्या कोपऱ्यात पुतण्याचे तंबू आणि दोर ठेवलेले असत. भाडे तो घेत नसे. बायको वजनाने त्याच्या निम्मी, काटक. बोलणे नवऱ्याने सुरू केले, पण जायचे तिला होते हे लगेच कळले.

“बरफ बघायला जायचं हाय का?” पुतण्याने तिच्याच बोलीत, कौतुकाने विचारले.

“बरफ फ्रीजमधी हाय,” ती म्हणाली. “मना चालायचं हाय. शेतं होती तवा दिवसभर चालत होते. आता दारातनं गाडीत, गाडीतनं दारात. देवाला पन गाडीतनं.”

“आनि मी हिच्या सोबतीला,” नवरा म्हणाला. “एकटी कशी धाडनार?”

दोन नोंदणी क्रमांक, दोन पावत्या, दोन पहिले हप्ते. फोन नंबर मात्र दोन्ही अर्जांवर त्याचाच. मी तिचा स्वतःचा नंबर मागितला. “एकच लिवा, घरात काय दोन सरकारं हायत?” असे तो म्हणाला. तिच्याकडे फोन होता. तो तिने पिशवीतून अर्धा बाहेर काढला होता. तो तिने परत ठेवला.

सरावासाठी ती रोज पहाटे पाठीवर तांदळाचे छोटे पोते बांधून गोदामांच्या रस्त्याने चालू लागली. ट्रकवाले गाडी हळू करून विचारत, “माँजी, कहाँ छोडू?” ही हकीकत नवऱ्यानेच येऊन सांगितली. त्याचा स्वतःचा सराव ट्रकच्या वेळापत्रकाशी जुळत नव्हता.

दुसऱ्या हप्त्याच्या तारखेला सहा वाजता मी नोंदी पाहिल्या. तिच्या क्रमांकावर पैसे आलेले नव्हते. स्मरणाचा संदेश आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा गेलेला होता. मी सीट सोडली. प्रतीक्षा यादीत पहिला नारपोलीच्या एका लूम कारखान्यातील हिशेबनीस होता. त्याने दोन्ही हप्ते लगेच भरले आणि मालकाकडून रजाही त्याच संध्याकाळी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी नवरा जिना चढून वर आला. धाप लागलेली. मागे बायको, धाप न लागलेली.

“साहेब, आमच्या हिची सीट सुटली असा मेसेज आलाय. तुमची मशीन बिघडली का काय?”

“पैसे आले नाहीत.”

“आले न्हाय? दोघांचे मी एकदम पाठवले! हे बघा.”

त्याने फोन पुढे केला. पैसे त्याने खरोखर पाठवले होते, मुदतीच्या चार दिवस आधी. रक्कम दोन हप्त्यांची. मात्र सोबत क्रमांक लिहिला होता एकच, त्याचा स्वतःचा. आमच्याकडे दुसरा आणि तिसरा हप्ता सारख्याच रकमेचे असत. त्यामुळे त्याच्या नावावर दुसरा जमा झाला आणि तिसराही. ‘आपली संपूर्ण रक्कम मिळाली, धन्यवाद’ असा संदेशही त्याला गेला होता.

“त्यात ‘संपूर्ण’ लिवलं होतं,” तो म्हणाला. “मना वाटलं, दोघांची संपूर्ण.”

“त्यानंतर बायकोच्या क्रमांकाचा हप्ता बाकी असल्याचा संदेश गेला.”

“तो आला. पन पैसे दिल्यावर मागनीचा कागद कोन वाचतो? साहेब, आमचे घरान खातं एक. तिचं नि माझं वेगलं कधी केलं न्हाय. लगनापासून एकच खिसा.”

“खिसा कोनाचा?” बायकोने विचारले.

तो माझ्याकडेच पाहत राहिला.

मी सांगितले की सीट दिली गेली आहे. त्याने एक तंबू वाढवायला सांगितले. परवान्यावर माणसांची संख्या ठरलेली असते, हे मी सांगितले. त्याने नारपोलीच्या माणसाला वर काही देऊन माघार घ्यायला लावण्याची सूचना केली. त्या माणसाने पैसे वेळेत भरले आहेत, हेही मी सांगितले. मग तो पुतण्याकडे वळला आणि आवाज मऊ करून म्हणाला, “तुमचे तंबू सुके हायत ना गोदामात? परवाच बघितलं मी. पत्रा नवा टाकून घेतला.”

पुतण्याचा चेहरा उतरला. “काका, काही करता येईल का?” त्याने मला हलक्या आवाजात विचारले.

“येईल,” मी म्हणालो. “नियम बदलता येईल. मग पुढच्या वर्षीपासून तारखा छापू नकोस. छपाई वाचेल.”

पुतण्या पंखा वाढवायला उठला.

एवढा वेळ बायको आमच्या भांडणाकडे लक्ष न देता पावती उलटी करून वाचत होती. वाचताना एकेका ओळीवर बोट ठेवत होती. माझ्या कारकिर्दीत पावतीची मागची बाजू शेवटपर्यंत वाचणारी व्यक्ती मी तेव्हा प्रथम पाहिली.

“दादा, ह्यांची सीट पुरी भरलेली हाय ना?”

“हो. तिन्ही हप्ते.”

“हितं लिवलंय, भरलेल्या सीटचं नाव तिसऱ्या हप्त्याच्या तारखेपर्यंत एकदा बदलता येतं. डॉक्टरचा दाखला लागतो.”

“बरोबर.”

“दाखला माझा दिलेला हाय. मग ह्यांचं काढा, माझं घाला.”

खालच्या दुकानात कोणीतरी सुताच्या भावावरून घासाघीस करत होते, ते स्पष्ट ऐकू आले.

“अगं, आनि मी?” नवऱ्याने विचारले.

“तुमी वेटिंगला.”

“भरल्याले पैशे माझे नि वेटिंगला मीच?”

“आत्ताच म्हनालात ना, खिसा एकच.”

पुतण्याने तोंड खिडकीकडे वळवले. नवरा आधी रागावला, मग त्यालाच हसू आले. “साहेब, ही तुमच्या पतपेढीत पायजे होती.” मी नामबदलाचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. त्याने सही केली. तिचा जुना पहिला हप्ता बुडाला, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, “बुडू द्या. शिकवनी लागली समजा.” प्रतीक्षा यादीत त्याचे नाव तिसरे लागले. अर्जावरचा फोन नंबर तिने स्वतःच खोडला आणि आपला लिहिला.

पुढे दोघांचाही सराव सुरू झाला. यादी सरकली तर तयारी असावी, असे तिचे म्हणणे. रविवारी ती वज्रेश्वरीच्या मागच्या डोंगरावर चढे. तोही निघे, आणि पहिल्या चढानंतर खाली वळून अकलोलीच्या गरम कुंडात गुडघे बुडवून बसे. ती उतरेपर्यंत त्याचे गुडघे मऊ झालेले असत. तो ही माहिती मला फोनवर देई आणि शेवटी विचारी, “वेटिंग हललं का?” सुरुवातीला या प्रश्नात आशा असे. नंतर काय असे ते मला नक्की सांगता येत नाही.

तिसऱ्या हप्त्याच्या तारखेला दोन सीट सुटल्या. यादीतील पहिल्याने एक घेतली. दुसऱ्याला सुट्टी मिळत नव्हती. उरलेली सीट नवऱ्यापर्यंत आली. मी फोन केला. पैसे भरण्यास दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास तो स्वतः आला. एकटाच. फोन टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला. मी चहा मागवला. तो चहा प्याला. वाहतुकीबद्दल बोलला. दापोड्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलला. फोनला हात लावला नाही.

“साडेपाच झाले,” मी म्हणालो.

“हां.”

“रक्कम तयार नसेल तर पुतण्याशी बोला. मी बोलणार नाही.”

“पैशाचं काय न्हाय, साहेब.” त्याने कप बशीत नीट बसवला. “मी गेलो तर ती थांबंल. परवा डोंगराच्या पहिल्या चढावर बघितलं. मी मागं राहिलो का ती थांबते. बोलत न्हाय काय, नुसती दगडावर बसून राहते. माझ्याकडं बघत पन न्हाय, मना लाज वाटू नये म्हनून. तिकडं सगल्या वाटेनं असंच बसंल.”

“तसे तिला सांगा.”

“सांगितलं तर म्हनंल, न्हाय, चला तुमी. मग सीट घ्यायला लागंल.”

सहा वाजले. मी सीट सोडली आणि यादीतील पुढच्या नावाला फोन लावला. ती ठाण्याची एक शिक्षिका होती. तिने पंधरा मिनिटांत सर्व रक्कम भरली. तोपर्यंत तो बसून राहिला. पैसे जमा झाल्याचे मी सांगितल्यावर उठला.

“आता गेली ना नक्की? आता मागितली तरी मिलनार न्हाय?”

“मिळणार नाही.”

“झालं मग,” असे म्हणून तो कठड्याला धरून जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. तिच्या स्वतःच्या नंबरवरून.

“दादा, ह्यांची सीट आली होती म्हंतात. खरं?”

“आली होती. मुदतीत पैसे भरले गेले नाहीत. सोडावी लागली.”

मी फोन कानाला धरून ठेवला.

“काल हे चार वाजता घरातनं निघाले होते,” ती म्हणाली. “तुमच्याकडंच आले होते ना?”

खोटे बोलण्याची मला सवय नाही. “आले होते. चहा घेतला.”

“बरं,” ती म्हणाली. मग तिने विचारले, चढावर काठी एक न्यायची की दोन. मी दोन सांगितल्या.