लाल गाठीची साडी

आमच्या आक्कानं फोनवर कधी "हॅलो" म्हटलं नाही. तिची व्हॉइस नोट सुरू व्हायची ती थेट भांडणाच्या मधूनच. "आणि दुसरं म्हंजे लते," ही तिची सुरुवात. पहिलं काय, ते तिनं मनातल्या मनात आधीच बोलून टाकलेलं असायचं. मागं यंत्रमागाची खडखड चालू असे, म्हणून मला फोन कानाला घट्ट दाबून ऐकावं लागे. ती बेळगावच्या वडगावात, आणि मी निपाणीत. लिहिण्यावर तिचा विश्वास नव्हता. "लिवलेल्यात राग दिसत न्हाय," म्हणायची.

शेवटही ठरलेला. चार मिनिटं मला धुऊन काढली की ती म्हणायची, "ठेवते, भात लागंल." सकाळी दहाला भात, दुपारी चारला भात. उत्तर द्यायचं नसलं की आक्काच्या घरी भात लागत असे, हे मला फार उशिरा कळलं.

आक्काचा नवरा आमच्या अण्णांच्याच मागावर कामाला होता, पुढं जावई झाला. त्यामुळं लग्न होऊनही आक्का माहेरातच राहिली. अण्णा गेल्यावर आईचं दुखणंखुपणं, अंघोळी, औषधं सगळं तिनंच केलं. मी सणाला जायची आणि दोन दिवस राहून परत यायची. आई गेल्यावर ते घर सरळ आक्काचं झालं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण माहेर म्हणून माझ्या वाट्याला येणारं एकच होतं, आईच्या हातची साडी. ती मला हवी होती, आणि मी ती सोडणार नव्हते.

घरातला हातमाग मोडायच्या आधी त्यावर ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, शेवटचा तुकडा उरला होता. आईनं त्यातून दोन साड्या विणल्या, दोन्ही डाळिंबी, दोन्ही पिवळ्या काठांच्या, शेजारी ठेवल्या तर ओळखू येऊ नयेत अशा. "दोघींना एकेक. मी गेल्यावर," असं म्हणून तिनं त्या ट्रंकेत ठेवल्या. आम्ही लहानपणी पाटी, वेणी, डबा कशावरूनही भांडत असू, म्हणून ती प्रत्येक वस्तूला कांडीवरच्या उरलेल्या सुताची गाठ मारायची. आक्काची लाल, माझी हिरवी. साड्यांच्या पदराच्या दशांतही तिनं तशीच एकेक गाठ घातली होती.

आईचं तेरावं झालं. नऊवारी वाटल्या, पाटल्या एकेक घेतल्या, तांब्याचा हंडा आक्कानं ठेवला. कशावरून तोंड वाजलं नाही. मग मी नोट पाठवली, "आक्का, माझी साडी कधी न्यायला येऊ?"

दोन दिवसांनी तिची नोट आली. "आणि दुसरं म्हंजे लते, ट्रंकेत एकच साडी हाय. दुसरी न्हाय सापडत. मी बघते. ठेवते, भात लागंल."

"एकच कशी? मी दिवाळीत दोन्ही बघितल्यात."

"बघितल्या असशील. आता न्हाय."

"मग हाय ती कुणाची? गाठ बघून सांग की."

त्यावर खडखड तेवढी आली. एकोणीस सेकंद नुसता माग, आणि शेवटी एक खोकला.

माझं डोकं फिरलं. आक्का कपाट आवरताना उंदराची लेंडीसुद्धा मोजते, तिला साडी सापडत नाही? त्या दुपारी मी अंगठा माइकवर ठेवला, वर सरकवून रेकॉर्डिंग कुलूपबंद केलं आणि फोन ओट्यावर ठेवून भाकऱ्या थापत बोलत राहिले. आई जिवंत असताना तिचं घर घेतलंस, मेल्यावर तिची साडी चोरलीस, सेवा केलीस ती याच्यासाठीच, असं सगळं बोलले. बोट दाबलं आणि नोट गेली. भाकरी तव्यावर टाकेपर्यंत मला शरम वाटली. हात पुसून मी ती नोट सगळ्यांसाठी पुसून टाकली, पण त्याआधीच तिच्याशेजारचा माइक निळा झालेला मी पाहिला होता.

तिचं उत्तर चार शब्दांचं होतं. "पुसलीस तरी ऐकली मी." भाताचं नाव नाही, आणि पहिल्यांदाच मागाचा आवाज नव्हता. तिनं माग बंद करून ऐकलं होतं.

नंतर तिची सव्वाचार मिनिटांची नोट आली. ती मी ऐकली नाही. नुसतं वाचल्याची खूण लपवता येते, पण नोट ऐकली की समोरच्याच्या फोनवर माइक निळा होतोच, तो लपत नाही. म्हटलं, राहू दे करडा, बघत बसू दे. आठ दिवस मी त्या नोटेवरून बोट मागं घेतलं. घरात मी आणि ती नोट, असं झालं होतं. भाजी चिरतानाही तीच डोळ्यांपुढं.

नवव्या दिवशी वडगावहून आलेल्या ओळखीच्या बाईंनी पिशवी दिली. आत साडी होती. मी जिंकले म्हणून पदर उलगडला, आणि दशांत लाल गाठ होती.

आता ऐकणं भाग होतं, आणि तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मी ती नोट नवऱ्याच्या फोनवर पाठवली आणि तिथं ऐकली. असं केलं की मूळ नोट न ऐकलेलीच दिसते.

"लते, त्या दिवशी तू बसमध्ये होतीस. आईला अंघोळ घातली. बायका म्हणाल्या, हातची इणलेली असंल ती नेसवा. ट्रंकेत वर होती ती वढली. डोळ्यात पाणी, गाठ कोण बघतंय. तिरडी उचलली तवा पदराची दशी बाहेर आली, हिरवा दोरा. थांबवू कशी? चौघं खांदा देऊन उभी. तू आलीस तवर वर पांढरं आणि फुलं. सांगायचं लई मनात होतं. तुझी साडी आईबरोबर जाळली, असं कुठल्या तोंडानं सांगू? आणि माझी तुला द्यावी, तर तेवढी माझी पण आईच की गं. चोरली न्हाय. आता तूच ठेव. एवढंच सांग, चाललं का तुला? तुझं उत्तर लगेच ऐकायची छाती न्हाय माझी. पण सांग."

साडी ठेवली तर मी आक्काची लुबाडलेली, परत केली तर तिचं देणं तोंडावर फेकलेलं. दोन दिवस ती पलंगावर तशीच पडून होती. मी तिला हात लावला नाही आणि घडीही घातली नाही. तिसऱ्या दिवशी मी मूळ नोटेवर बोट ठेवलं आणि पूर्ण ऐकली, तिला दिसावी म्हणून. लगेच आक्काच्या नावाखाली "रेकॉर्डिंग" असं आलं. बराच वेळ ते तसंच राहिलं. मग गेलं. नोट आली नाही.

तेव्हा मी अंगठा ठेवला. आक्कासारखीच मधूनच सुरुवात केली. "आणि दुसरं म्हंजे आक्का, बरं केलंस. मी असते तरी तीच वढली असती. आई माझी साडी नेसून गेली, ह्याहून जास्त मला काय पायजे? तुझी तुला आणून देते, सोमवारी येते. भात टाकून ठेव."

आज चौथा दिवस. सोमवार उद्या आहे. साडी पिशवीत घालून दाराशी ठेवली आहे आणि मी दर थोड्या वेळानं फोन बघते. माझ्या नोटेशेजारचा माइक अजून करडाच आहे.