सत्तेचाळीस हजार नऊशे

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. गौलीगुड्यात शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं आमच्या शेठचं होलसेलचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर हिशेब मी बघते. गिऱ्हाइकाचे पैसे बँकेत जमा झाले की ते कुठल्या बिलाचे हे ठरवून त्या बिलापुढे लावायचे, हे माझं रोजचं काम. एका बिलाचे पैसे आले तर प्रश्नच नसतो. पण दुकानदार चार बिलं साठवतो आणि एकच रक्कम पाठवतो. मग कुठली चार, ते त्यानं कळवावं लागतं. नाही कळवलं तर सर्वांत जुन्या बिलापासून लावत यायचं, असा आमचा नियम.

हा नियम मी एकदा मोडला. का, तर हुशारी नडली.

जुन्या शहरातले एक म्हातारे दुकानदार आमचे फार वर्षांचे गिऱ्हाईक. त्यांना सगळे बडे मियाँ म्हणतात. पैसे त्यांचा मुलगा फोनवरून पाठवायचा आणि मागाहून मालाच्या ऑटोवाल्याबरोबर बडे मियाँची एक चिठ्ठी यायची, उर्दूत. अक्षरं उर्दू, आकडेही उर्दू. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. बहुतेक वेळा सर्वांत जुनी बिलं आणि आलेली रक्कम बरोबर जुळायची, त्यामुळे चिठ्ठी मी खणात टाकून द्यायचे. सहा वर्षांच्या चिठ्ठ्या तिथे साठल्या होत्या.

त्या खेपेला सत्तेचाळीस हजार नऊशे आले. जुनी तीन बिलं होती अठरा हजार चारशे, बावीस हजार सहाशे पन्नास आणि नऊ हजार तीनशेचं. बेरीज पन्नास हजार तीनशे पन्नास. जुळेना. मी खाली पाहिलं तर पुढची दोन बिलं एकतीस हजार दोनशे आणि सोळा हजार सातशे. बेरीज केली आणि खुर्चीतच टुणकन उडाले. सत्तेचाळीस हजार नऊशे, रुपयाला रुपया! हातच्या काकणाला आरसा कशाला? ती दोन्ही बिलं चुकती केली आणि चहा मागवला.

जुनी तीन मात्र तशीच उघडी राहिली. त्यांना साठ दिवस उलटले आणि कॉम्प्युटरनं आपोआप बडे मियाँचा नवा माल अडवला. रमजान तोंडावर आला होता. त्या दिवसांत शहरातला एकूण एक दर्जी रात्रंदिवस मशीन चालवतो, आणि सुई, बेल्ट, बॉबिन केस नसेल तर त्याचं काम ठप्प. दर्जी बडे मियाँच्या दारात उभे आणि त्यांचा माल आमच्या गोदामात बांधून पडलेला. वर आमच्या सेल्समननं फोनवर उचलली जीभ लावली टाळ्याला: "पहले पुराना क्लियर करो, फिर माल मिलेगा."

दुसऱ्या दिवशी बडे मियाँ स्वतः जिना चढून वर आले. धाप लागली होती. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बेटी, मैं तो पैसे दे दिया ना. तीनों बिलों के."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "ये देखो चाचा, आप नये दो बिलों के दिये. पुराने तीन बाकी हैं."

"मैं नये के कायकू देऊँ पुराने छोड के? पर्ची भेजा था ना मैं."

"पर्ची मेरे को पढने नहीं आती," मी म्हटलं. किती तोऱ्यात म्हटलं, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चालीस साल में कोई मेरे कू बाकीदार नहीं बोला," एवढंच म्हणाले आणि कठडा धरून खाली उतरले.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी राग आला. तरी संध्याकाळी निघताना खणातली त्या खेपेची चिठ्ठी मी पर्समध्ये टाकली. तारनाक्याला घरी वडील होते. रेल्वेतून रिटायर झाले त्यालाही जमाना झाला. लहानपणी मराठवाड्यात, निजामाच्या राज्यात, त्यांची शाळा उर्दूत झालेली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली.

"चांगलं वळणदार अक्षर आहे की बाई. तुझ्यापेक्षा बरं."

"दादा, वाचा आधी."

त्यांनी वाचलं. तीन बिलांचे नंबर, समोर तीन रकमा, माझ्या उघड्या राहिलेल्या त्याच तीन. खाली एक ओळ: खराब बॉबिन केस परत केले, त्याचे दोन हजार चारशे पन्नास वजा. आणि शेवटी सत्तेचाळीस हजार नऊशे.

परत आलेला माल आमच्या गोदामात पडला असणार आणि त्याच्या वजावटीची क्रेडिट नोट आम्हीच बनवली नसणार. मी मुकाट्यानं नियमाप्रमाणे जुन्यापासून लावत आले असते, तर तिसऱ्या बिलात नेमके दोन हजार चारशे पन्नास उरले असते आणि मी विचारलं असतं, हे कशाचे? पण मला रुपयाला रुपया जुळला होता ना!

सकाळी आधी गोदामाचं रजिस्टर पाहिलं. परतीची नोंद होती, शेरा होता, सही होती. शेठना सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती. चुकीची जुळवणी मोडली, क्रेडिट नोट बनवली, ती आणि पैसे मिळून तिन्ही जुनी बिलं मिटवली. पुढच्या दोन बिलांची मुदत अजून बाकी होती. माल सुटला. मग बँकेचा दिवसाचा उतारा उघडला आणि हात थांबले.

बडे मियाँकडून पन्नास हजार तीनशे पन्नास आले होते.

तीन बिलांची पुरी रक्कम. एकदा दिलेली, परत दिलेली. परत केलेल्या मालाचेसुद्धा पैसे त्यांनी वजा केले नव्हते. बाकीदार म्हणवून घेण्यापेक्षा म्हाताऱ्यानं दुप्पट भरणं पत्करलं होतं. ऑफिसात सगळ्यांसमोर मला रडू आलं.

त्या संध्याकाळी दादांनी उर्दूत हिशेब लिहून दिला, कुठले पैसे कुठल्या बिलाला लागले, किती जादा जमा आहेत. खाली मी सांगितलेलं वाक्य: चूक आमची होती. तो कागद घेऊन मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानी गेले. माल पोचला होता, काउंटरवर दर्ज्यांची झुंबड होती. गर्दी बाजूला करून त्यांनी कागद सावकाश वाचला.

"कौन लिखा?"

"मेरे अब्बा."

"मेरा सलाम बोलना उनकू." मग पेन उघडून म्हणाले, "जादा पैसे जमा रहने दो. अगले दो बिलों में लगा लेना. पर्ची लिख देतूँ. अब से अंग्रेजी आकडे लिखतूँ बेटी, तुम्हारे कू तकलीफ होती."

"नक्को चाचा," मी म्हटलं. "जैसा लिखते, वैसाच लिखो."

त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. बिलांचे नंबर मी मोठ्यानं वाचून दाखवले, एकही न चुकता. शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच म्हणजे गोल. आदल्या संध्याकाळी दादांनी शिकवले होते. दहाच आकडे असतात. अर्धा तास लागला.