परवान्याला जमिनीची अट

आमच्या जिल्ह्यात तलाव खोदणाऱ्यांचं नाव झालं, त्यात जाळं टाकणाऱ्यांना कोणी विचारत नाही. तिरोड्याकडच्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचे म्हातारे अध्यक्ष माझ्या गोंदियाच्या वकिली ऑफिसात आले, तेव्हा मला तेच वाटलं आणि संताप आला. नव्या सरकारी नियमाने मासेमारीचा परवाना गावात शेतजमीन असलेल्यालाच मिळणार होता. संस्थेत एकाच्याही नावावर जमीन नव्हती.

नियम आशय आणि रीत, दोन्हीकडून अधिकाराबाहेर होता. मूळ कायद्यात परवान्याला एकच पात्रता होती, मासेमारीवर पोट असणं. जमिनीची अट नियमाने आपल्या मनाने घुसडली. हा आशयाचा दोष. एखाद्या कायद्यात नुसती फी घ्यायची मुभा असताना नियमाने कर बसवला, तर तोही दोष हाच. दुसरा रीतीचा: कायदा म्हणत होता, आधी मसुदा प्रसिद्ध करा, हरकती मागवा. यांनी मसुदा काढलाच नव्हता. नागपूर खंडपीठापुढे मी दोन्ही मुद्दे मांडले. न्यायालयाने रीतीच्या दोषावरच नियम रद्द केला आणि जमिनीचा मुद्दा खुला ठेवला.

संस्थेने रिवाजाप्रमाणे पहिल्या खेपेची मासळी घरोघर वाटली, माझाही वाटा काढला. तो खाताना मी अध्यक्षांना सांगितलं की रीत चुकलेला नियम सरकार रीत पाळून पुन्हा करू शकतं. आशयावर पडला असता, तर आधी कायदाच बदलावा लागला असता. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला आणखी एक तुकडा वाढला.

पुढे मसुदा आला, तोच, जमिनीच्या अटीसकट. मी म्हटलं, मुदतीत हरकत द्या. संस्थेची बैठक बसली आणि नको असं ठरलं.

"कोरटानं देल्लं, बाई," अध्यक्ष म्हणाले. "आता पुन्हा हरकत घेतली तं कोरटावर आमचा भरोसा नाही, असं होते."

मी खूप डोकेफोड केली. हरकत दिली असती तरी खात्याच्या साहेबांनी ती वाचून फेटाळलीच असती, हेही मला ठाऊक होतं. नियम पुन्हा लागू झाला, या वेळी रीतसर.

आता फक्त आशयाच्या मुद्द्यावर दुसरी याचिका पडून आहे. स्थगिती मिळाली नाही, कारण रद्द होईपर्यंत नियम वैध धरून चालायचं असतं. सरकारच्या प्रतिज्ञापत्रात पहिलंच वाक्य आहे की एकही हरकत आली नाही. त्याने आमचा मुद्दा पडत नाही, पण मी ते वाचून दाखवलं तेव्हा अध्यक्ष मान हलवून म्हणाले, "बराबर लिवलं आहे."

मुद्दा आमचा पक्का आहे, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. संस्थेतली माणसं हल्ली त्याच तलावावर परवानेवाल्या शेतकऱ्यांची जाळी ओढायला रोजीने जातात. अध्यक्षही जातात. पुढची तारीख विचारायला ते आता येत नाहीत.