कच्च्या आवाजाची लांबी

मेलबर्नच्या ब्रन्सविक भागात, गालिच्यांच्या दुकानावरच्या स्टुडिओत ग्वेनिथ पास्को कित्येक वर्षं कार्टूनपटांचे कच्चे आराखडे, म्हणजे अ‍ॅनिमॅटिक जोडते आहे. काम सांगायला सोपं. चित्रकाराची स्थिर चित्रं ओळीनं लावायची, त्यांच्याखाली कामचलाऊ आवाजातले संवाद टाकायचे, कुठलं चित्र किती वेळ थांबेल ते ठरवायचं आणि सगळं सलग चालवून बघायचं. गोष्ट कुठे रेंगाळते, कुठे धावते ते इथेच कळतं. पुढे चित्रं हलायला लागली की चूक निस्तरणं फार महागात पडतं. तिनं जोडलेलं प्रेक्षकाला कधी दिसत नाही. नवरा गेल्यावर तिला घरीही कुणी विचारणारं उरलं नव्हतं, त्यामुळे याचं तिला विशेष काही वाटत नसे.

कच्चा आवाज चित्रकारानंच द्यायचा, ही स्टुडिओची पद्धत. लीथ ब्रॅनिगन सगळी पात्रं एकटाच वाचायचा. उन्हाळ्यापासून तो एका म्हाताऱ्या पेलिकन पक्ष्याची गोष्ट काढत होता आणि दर नव्या मसुद्याला संवाद पुन्हा वाचत होता. आता हिवाळा होता. पेलिकन होडी चालवतो. शेवटच्या फेरीला तो ओरडतो, "कुणी आहे का?" मग डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, खाली बघतो. आणि पायाशी बसलेला खेकडा म्हणतो, "मी केव्हाचा आहे." सगळी गंमत त्या तीन चित्रांच्या शांततेत होती.

"लीथ, जेवणात नुसती बिअर घेतलीस का रे?" दिग्दर्शिका डेस्पिना रेकॉर्डिंग ऐकताना म्हणाली.

"दाढ बसवलीय नवी. जीभ अडखळते तिच्यावर. तुझ्यासारखी पोपटपंची सगळ्यांना जमते का?"

सगळे हसले. ग्वेनिथही हसली. पण प्रसंग ठरल्यापेक्षा लांब भरला, म्हणून तिनं उन्हाळ्यातलं जुनं वाचन काढलं आणि त्याच वाक्याच्या दोन्ही ध्वनिलहरी पडद्यावर एकाखाली एक लावल्या. नवी बरीच लांब होती. शब्दांच्या कडा पुसल्या गेल्या होत्या. मधल्या शरद ऋतूतलं वाचनही तिनं तपासलं. ते दोन्हींच्या मधोमध बसलं. दाढ तर त्यानंतरची होती.

ती कुणाला बोलली नाही. लीथचे शब्द तिनं अख्खे ठेवले आणि वेळ शांततेतून कापला. डावीकडचं, उजवीकडचं, खालचं, तिन्ही चित्रं पापणी लवायच्या आत जाऊ लागली. प्रसंग ठरल्या लांबीत बसला.

सगळ्यांसमोर तो चालवला तेव्हा खेकडा बोलला आणि कुणीही हसलं नाही.

"चित्रंच मेलीयेत," डेस्पिना म्हणाली. "हा प्रसंग दुसऱ्या कुणाला तरी परत काढायला देऊ. वाईट वाटून घेऊ नकोस, लीथ."

लीथनं मान हलवली आणि कप उचलून तो स्वयंपाकघरात गेला. ग्वेनिथ त्याच्या मागोमाग गेली.

"चल जरा माझ्या खोलीत. काहीतरी ऐकवायचंय."

तिनं उन्हाळ्यातली ओळ लावली, मग शरदातली, मग आत्ताची.

"पुन्हा लाव."

तिनं लावली.

"मला वाटत होतं, घरी बायको मुद्दाम 'काय?' 'काय?' करते," तो म्हणाला. "तुला कधी कळलं?"

"प्रसंग लांबला तेव्हा."

"आणि तू माझी चित्रं कापलीस?"

"तुझा आवाज वाचवायला बघत होते."

"अगं बाई, तो आवाज शेवटी फेकूनच द्यायचा होता. नट येणार, आपल्या आवाजात बोलणार. चित्रं माझी होती, ग्वेन."

आपल्याच धंद्यातली पहिली गोष्ट ती विसरली होती.

मग तिनं मायक्रोफोन जवळ ओढला आणि पेलिकन स्वतः वाचला, अगदी सपाट, दुकानातली पावती वाचावी तसा. लीथ शेजारी बसून राहिला. तिन्ही चित्रं तिनं परत पसरली. खालच्या चित्रावर ती थांबली तेव्हा त्यानं बोटानं खूण केली: अजून थोडं. तिनं वाढवलं. त्यानं परत खूण केली.

दुसऱ्या दिवशी खेकडा बोलला आणि डेस्पिना हातातला चहा सांडेपर्यंत हसली. "काय बदललंत? चित्रं तर तीच आहेत!"

"आवाज बदलला," ग्वेनिथ म्हणाली.

डेस्पिनानं लीथकडे पाहिलं, मग ग्वेनिथकडे, आणि कप खाली ठेवला. प्रसंग लीथच्या चित्रांनिशी पुढे गेला.

सगळे पांगल्यावर लीथ ग्वेनिथच्या दारात आला. "गुरुवारी मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे जायचंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही. गाडी तू चालवशील?"

"चालवीन."

"आणि ते तिन्ही तुकडे घे. कधीपासून, हे ते विचारतील. माझ्या नुसत्या बोलण्यावरून त्यांना काय कळणार?"

ग्वेनिथनं तिन्ही वाचनं क्रमानं लावली, प्रत्येकाला तारीख दिली आणि त्याच्या फोनवर पाठवली. या वेळी तिनं कुठेच काही कापलं नाही.