डाउनलोडमधलं भाषण

आमच्या हेडसरांचं निवृत्तीचं भाषण म्हणजे शाळेवर येऊ घातलेलं संकट होतं. दर शनिवारी ते स्टाफरूममध्ये डोकावून जाहीर करायचे, "आणखी दोन पानं वाढली." आणि आम्ही सगळे माना डोलवून "वा सर, वा" म्हणायचो. दुसरं काय म्हणणार! आम्ही सगळे नागपूरहून कुही रोडवरच्या त्या शाळेत रोज अपडाऊन करणारे. समारंभ लांबला की शेवटची बस गेलीच म्हणून समजा.

भाषण ते शाळेच्या क्रोमबुकवर, म्हणजे गुगलच्या सिस्टिमवर चालणाऱ्या छोट्या लॅपटॉपवर टाइप करत, एका बोटाने, ओठ हलवत. शाळेत कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल, सर, नेटवरच्या गुगल ड्राइव्हवर ठेवा. त्यांचं उत्तर ठरलेलं. "आपलं सामान दुसऱ्याच्या घरी काहून ठेवायचं, मॅडम?" असं म्हणून ते फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये टाकत आणि झाकण हळूच बंद करत. मी चिडायचे. चिडणं हा माझा स्वभावच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा पांढराफटक. क्रोमबुकच्या पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ऑपरेटिंग सिस्टिम एक तर सापडत नाही, नाही तर खराब झाली आहे. कशाने झालं, ते मला आजही माहीत नाही. सर म्हणाले, "मी कशालेच हात नाही लावला, बंद करून जेवाले गेलो होतो."

मी माउसचा डोंगल काढला, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा लावलं. तेच. एस्केप, रिफ्रेश आणि पॉवर अशी तिन्ही बटणं एकदम दाबून पाहिलं. तरी पडदा आपला मख्ख. "सर," मी म्हटलं, "आता रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवून नवी सिस्टिम टाकावी लागेल. मशीन नीट होईल. पण त्यात साठवलेलं सगळं पुसलं जाईल."

"भाषण?"

"ते डाउनलोडमध्ये आहे ना?"

सर खुर्चीत बसले. "नागपूरले सदरमधल्या एखाद्या दुकानात नेलं तर?"

"आतलं सगळं कुलूपबंद असते, सर. आता ते कोणालेच नाही काढता येणार." चिडले की माझं बोलणं असं गावाकडे वळतं.

मशीन तसंच ठेवून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेचा चार्ज द्यायचा होता, आणि बंद पडलेलं मशीन नव्या हेडमॅडमच्या हाती देणं सरांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी मान हलवली. "करा."

मी स्टाफरूममध्ये येऊन बातमी दिली, तर तिथे दिवाळी! गणिताच्या मॅडमनी टाळी वाजवली. "अवं बाई, तुह्या तोंडात साखर! उद्या सहाची बस भेटते म्हणायची!" पीटीचे सर लगेच स्वतःचा पेनड्राइव्ह काढून म्हणाले, "घ्या मॅडम, पुण्याचं काम आहे." तो निघाला चार जीबीचा. कमीत कमी आठ जीबीचा लागतो. मग त्यांनी गॅदरिंगच्या गाण्यांचा मोठा पेनड्राइव्ह दिला, तोही पुसला जाणार हे ऐकल्यावर घाईघाईने गाणी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेऊन. एवढा उत्साह त्यांनी क्रीडा सप्ताहातही दाखवला नव्हता. मीही हसत होते. मोठ्यांदा हसत होते.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्रोम ब्राउझर होताच. त्यात रिकव्हरीचं छोटं एक्स्टेन्शन टाकलं. ते आधी मॉडेल विचारतं. बिघडलेल्या पडद्यावर खाली ते नाव लिहिलेलं होतं, मी तळहातावर उतरवून आणलं होतं. एक अक्षर चुकलं तर दुसऱ्याच मशीनची सिस्टिम उतरते आणि आपलं मशीन ती नाकारतं. शाळेचं नेट इतकं हळू, की शेवटी गणिताच्या मॅडमनी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला. पेनड्राइव्ह तयार झाल्यावर तो मी केबिनमध्ये नेऊन क्रोमबुकला लावला. मशीनने त्याला लगेच ओळखलं, तपासलं, आणि काम सुरू झालं. सर ती पुढे सरकणारी पट्टी बघत उभे होते. माझं हसणं कुठे गेलं कोण जाणे.

काम झाल्यावर मशीनने पेनड्राइव्ह काढायला सांगितलं आणि नव्यासारखं सुरू झालं. सरांनी आपला पासवर्ड टाकला. ड्राइव्हवर मी ठेवलेले शाळेचे फोटो जसेच्या तसे होते. डाउनलोड उघडलं. रिकामं.

"बसा मॅडम," सर म्हणाले, "लिहून घ्या."

"काय?"

"भाषण. मले पाठ आहे. रोज संध्याकाळी मशीन घरी नेऊन बायकोले वाचून दाखवत होतो."

अशी माझी जिरली! ज्या भाषणापासून सुटका झाली म्हणून मी टाळ्या ऐकून आले होते, ते मला अख्खं, स्वल्पविरामासकट टाइप करावं लागलं. बाकीचे खिडकीबाहेरून हात हलवत बस पकडायला गेले. सर येरझाऱ्या घालत सांगत होते, मी थेट ड्राइव्हवर लिहीत होते, आणि ते काही म्हणत नव्हते.

पण त्या भाषणात काय होतं, ते मला तेव्हा कळलं. प्रत्येकावर एक पान. गणिताच्या मॅडम नापास होणाऱ्या पोरींना मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातलं खाऊ घालून शिकवतात, हे मला माहीत नव्हतं. पीटीचे सर पोरांचे फाटके बूट स्वतः शिवतात, हेही नव्हतं. शिपाईमामांच्या पानाला तर माझे डोळे भरून आले. मी नाक ओढत टाइप करत होते. आणि मनात एकच घोर, माझं पान कधी येणार?

सगळे संपले. सर थांबले. "तुमचंही होतं."

"मग सांगा ना."

"ते कालच लिहिलं. महिनाभर जमतच नव्हतं, काल जमलं. बायकोले वाचून दाखवाचं राहिलं." ते खरोखरच आठवत राहिले, कपाळाला हात लावून. "नाही, मॅडम. गेलं."

मला इतका राग आला, की कोणावर काढावा ते कळेना. "एखादं वाक्य तरी?"

"सगळ्यात मोठं पान होतं, एवढं सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं वाचलं. बस गेली. कोणी घड्याळ पाहिलं नाही. गणिताच्या मॅडम पदराने डोळे पुसत होत्या, पीटीचे सर छताकडे बघत होते. माझी पाळी आली तेव्हा सर म्हणाले, "यांचं पान मशीननं खाल्लं," आणि अख्खा मंडप हसला.

समारंभानंतर सर हारतुऱ्यांसकट घरी निघाले, तर मी त्यांना गेटपाशी गाठलं. "सर, एवढं तरी सांगा. चांगलं लिहिलं होतं की वाईट?"

त्यांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला. मग म्हणाले, "तुम्ही भांडायले आल्या असत्या."

"आणि मग?"

"मग रडत घरी गेल्या असत्या."

ते गेले. मी तिथेच गेटला धरून उभी राहिले आणि काही वाचलेलं नसताना रडले.