साहेबाची नोट

चौलचे काळूरामकाका बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाले, पण जुन्या नोटांचा नाद सुटला नाही. लोक त्यांना मोबाइलवर नोटांचे फोटो पाठवतात आणि बोलणी खातात.

नागावात होमस्टे चालवणाऱ्या विनिताने शंभराची निळी नोट पाठवली. शेजारी आजची जांभळट शंभराची ठेवली होती. फोनवर म्हणाली, "पणजोबांना इंग्रज साहेबाने दिली. पाहुण्यांसाठी फ्रेम करतेय."

"साहेबाच्या नोटेवर राजाचा मुखडा असतो. हिच्यावर अशोकस्तंभाचे सिंह हायत."

"मग आजोबांना मिळाली असेल, पंचावन्न साली."

"तेव्हाची शंभराची भलती मोठी होती. ही आजच्यापेक्षा जराशीच मोठी, म्हणजे सदुसष्टनंतरची. आता उजेडात धरून फोटो काढ."

फोटो आला. जलचिन्हातही सिंहच होते, गांधीजी नव्हते.

"शहाण्णवच्या आधीची छपाई. तुझ्या बाबांची असेल, पणजोबांना झोपू दे."

विनिताने फोन ठेवला. आठवड्याने काका मुद्दाम तिच्याकडे चहाला गेले. भिंतीवर फ्रेम होती, खाली 'इंग्रज साहेबाची भेट' असं झोकात लिहिलेलं. त्याखाली बारीक अक्षरांत सूचना होती: नोट उजेडात धरू नये. शेजारी दुसरी नोट ठेवू नये. राजा कुठे आहे, असे विचारू नये.