मास्तरांच्या हातातली मान

न्हावी म्हणून मास्तर बरे होते, इतकंच. केस कापताना कधी कधी डावीकडचा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर जायचा. तरी दुकानात बाकावर बसायला जागा मिळायची नाही, कारण गिऱ्हाईक यायचं ते मानेसाठी. हजामत झाली की मास्तर टॉवेल झटकायचे, एक तळहात हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे, आणि "हं, सैल सोडा" म्हणेपर्यंत मान वळवून मोकळे. कडाक! गिऱ्हाईक डोळे मिटून "आहाहा" करायचं. त्या आवाजावरूनच त्यांना मानमोडे मास्तर हे नाव पडलं. मास्तरांना ते आवडायचं, रागावल्याचं नुसतं सोंग करायचे.

दुकानात समोरासमोर आरसे. मध्ये उभं राहिलं की आपल्यामागे आपण, त्याच्यामागे पुन्हा आपण. नवीन माणूस जरा बिचकायचा. मास्तरांची बायको मात्र त्या आरशांत वावरून जुनी झाली होती. टॉवेल धुणं, वस्तरे उकळणं, गल्ला, उधारीवाल्यांना गोड शब्दांत टोचणं, सगळं तिच्याकडे. गिऱ्हाईक तिला वहिनी म्हणायचं आणि मास्तरांपेक्षा तिलाच जास्त घाबरायचं.

त्या दिवशी ती सकाळी मान आखडली म्हणत उठली. मास्तरांनी लगेच बाह्या सरसावल्या. ती म्हणाली, "राहू द्या हो, जाईल आपोआप." पण स्वतःच्या बायकोची मान आखडलेली ठेवायची म्हणजे मास्तरांची अब्रूच की! एका बाजूला कडाक, दुसऱ्या बाजूला कडाक. ती हसली, पण हसताना तिने डोळे मिटले नाहीत.

दुपारी दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, टॅक्सीवाला. त्याच्या अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल साफ. वहिनी कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती. अचानक तिने डोक्याची मागची बाजू दोन्ही हातांनी धरली आणि गर्रकन वळली.

"कोणी मारलं?"

मागे कोणी नव्हतं. आरशात ती होती आणि तिच्यामागे तीच, ओळीने, सगळ्यांनी डोकं धरलेलं. मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. टॅक्सीवालाही खुर्चीतून वळून दाराकडे बघायला लागला.

"डोकं फुटतंय हो माझं! असं कधी म्हणजे कधीच झालं नाही." बोलता बोलता ती बाकावर बसली आणि बादलीत ओकली.

मास्तरांना डोकेदुखीवर एकच इलाज येत होता. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, आणि त्यांचा तळहात सवयीने तिच्या हनुवटीखाली गेला. तिने त्यांचं मनगट गच्च धरलं. तिची नजर त्यांच्या तोंडावर होती, पण जरा बाजूलाही होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दोघं का बसलाय?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्यामागे आरसा नव्हता. कोरी भिंत होती.

त्यांचे हात खाली आले. पुढचं टॅक्सीवाल्यानेच निभावलं. तोंडावरच्या फेसासकट तो तिला धरून गाडीपर्यंत घेऊन गेला, आणि हॉस्पिटलच्या दारात रखवालदाराने आधी त्यालाच पेशंट समजून खुर्ची पुढे केली.

तातडीच्या विभागातल्या नर्सने फार विचारलं नाही. दुखणं हळूहळू वाढलं की एकदम आलं? आयुष्यातलं सगळ्यात वाईट का? उत्तरं ऐकली आणि रांगेतल्या सगळ्यांना मागे ठेवून वहिनीला आत घेतलं. डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला, रक्तदाब बघितला, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, नाकाला बोट लावायला सांगितलं. वहिनीचं बोट नाक चुकवून गालावर गेलं.

"मेंदूतली एखादी फुगलेली रक्तवाहिनी फुटली तर असं दुखतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते आधी बघायचं. पण कारणं आणखीही असतात. मानेला काही झालं होतं का? पडणं, झटका, कोणी पिरगळली?"

"नाही," वहिनी झटकन म्हणाली. डोळे मिटलेले, पण हात चादरीखालून मास्तरांच्या बोटांवर आला आणि तिने ती दाबली. गप्प राहा, असंच.

मास्तर गप्प राहिले. दुकान, पाटी, ते लाडकं नाव, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. डॉक्टरीणबाई निघाल्याच होत्या. मग मास्तरांना आठवलं की ही बाई त्यांच्यासाठी खोटं बोलते आहे, आणि ते खोटं तिच्याच जिवावर बेतू शकतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की आवाज एकदम मोठाच निघाला.

"मी मोडली. सकाळी. ह्या हातांनी."

डॉक्टरीणबाई थांबल्या. रागावल्या नाहीत, आणि त्याने मास्तरांना जास्तच भीती वाटली. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. "मग डोक्याबरोबर मानेच्याही रक्तवाहिन्या बघू."

डोक्याच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. वहिनीचं दुखणंही औषधाने जरा उतरलं होतं, आणि ती घरी जायचं टुमणं लावायला लागली. पण शिरेतून औषध सोडून काढलेल्या दुसऱ्या फोटोंत सापडलं. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे दोन धमन्या जातात, त्यातल्या एकीला आतून चीर गेली होती.

"त्या चिरेवर रक्ताची गुठळी धरते," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "ती सुटून मेंदूत गेली की अर्धांग, नाहीतर त्याहून वाईट. ह्यांना दोन-दोन दिसत होतं, ती त्याचीच सुरुवात. रक्त गोठू नये म्हणून औषध सुरू करतोय. चीर बहुतेक वेळा भरून येते, पण ह्यांना इथेच राहावं लागेल."

"माझ्यामुळेच झालं का?"

"खात्रीने नाही सांगता येत. कधी नुसत्या जोराच्या शिंकेनेही होतं. सकाळी मान आखडली होती म्हणता, म्हणजे कदाचित आधीच सुरू झालं असेल. पण मान अशी पिळल्याने होऊ शकतं. आता कोणाचीही मोडू नका."

संध्याकाळी वहिनीला एकच मास्तर दिसायला लागला. तिने तसं सांगितलं, "एकच पुरे" असंही म्हणाली. मास्तर हसले आणि हसता हसता रडले. मग खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले. स्टूल बुटकं होतं, हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं.

"कसला विचार करताय?"

"गिऱ्हाइकांचा. काहीजण यायचे बंद झाले, आठवतं? तो पगार वाटणारा कारकून. तो उंच मानेचा गाण्याचा मास्तर. घड्याळजी. मी आपला समोरच्या नव्या दुकानाच्या नावाने बोटं मोडत बसलो. म्हटलं, फितूर झाले लेकाचे."

वहिनीने डोळे मिटले. झोप लागली असं मास्तरांना वाटलं.

"घड्याळजी फितूर नाही झाला," ती म्हणाली. "त्याची बायको आली होती दुकानात, तुम्ही साबण आणायला गेला होतात तेव्हा. आपल्याकडून घरी गेला, डोकं फार दुखतंय म्हणून आडवा झाला, तो उठलाच नाही. ती भांडायला नव्हती आली. विचारायला आली होती, शेवटचं काही बोलला का म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचे हात थरथरले असते हो. मग दुकान कसं चाललं असतं? मीही स्वतःला समजावलं, योगायोग असेल."

"आणि आज सकाळी? तू मान दिलीस कशी?"

"हट्टाने नाही म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, का म्हणून."